घटक चाचणीची सूचना वर्गाला कशी द्यावी: दहावी विज्ञान भाग १ चं उदाहरण घेऊन

“पुढच्या बुधवारी घटक चाचणी आहे. धडा पहिला आणि दुसरा. नीट अभ्यास करून या.” कितीतरी वर्षं माझी सूचना एवढीच असायची. तास संपता संपता, खडू खाली ठेवताना सांगितलेली. एका वर्षी पेपर तपासताना लक्षात आलं की वर्गातल्या बऱ्याच मुलांनी मुक्तिवेगाच्या सूत्राची सिद्धता घोकून आणली होती आणि ती भलत्याच प्रश्नाखाली लिहून टाकली होती. मी सिद्धता विचारलीच नव्हती. मात्र जे विचारलं होतं, म्हणजे वस्तुमान आणि वजन यांतला फरक उदाहरणावर लावून दाखवणं, ते त्यांच्यापैकी फार थोड्यांनी केलं होतं. मुलांनी मेहनत केली होती, पण कशावर करायची हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून सूचना हा मी चाचणीचाच भाग मानते. ती कशी तयार करते ते इथे एका चाचणीवरून सांगते. इयत्ता दहावी, विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १, पहिली घटक चाचणी, २० गुण, वेळ १ तास. धडे दोन: गुरुत्वाकर्षण आणि मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण.

आधी संविधान तक्ता, मग सूचना

सूचना लिहायला बसण्याआधी पेपरचा आराखडा हातात हवा. प्रश्न पक्के झालेले नसले तरी चालतील, पण कोणत्या प्रकारचे किती प्रश्न, कोणत्या धड्यातून आणि किती गुणांचे हे ठरलेलं असावं. आपण घाईत उलटं करतो. सूचना आधी देतो आणि पेपर चाचणीच्या आदल्या रात्री काढतो. मग सूचनेत सांगितलेलं एक आणि पेपरात आलेलं दुसरं, असं होतं. मुलांच्या ते लगेच लक्षात येतं, आणि पुढच्या वेळी ती सूचना ऐकतच नाहीत.

बोर्डाच्या भाग १ च्या पेपरात ४० गुण असतात: पर्याय निवडा, एका गुणाचे प्रश्न, शास्त्रीय कारणे, दोन गुणांचे, तीन गुणांचे आणि शेवटी पाच गुणांचा एक. २० गुणांत हे सगळं कोंबलं तर मुलांना श्वास घ्यायला जागा राहत नाही. म्हणून पहिल्या चाचणीत मी पाच गुणांचा प्रश्न ठेवत नाही. माझा आराखडा असा असतो. प्रश्न १ मध्ये एकेका गुणाचे पाच प्रश्न, सगळे सोडवायचे. त्यातले तीन पर्यायाचे आणि दोन एका वाक्यात उत्तराचे. प्रश्न २ मध्ये दोन गुणांचे चार प्रश्न, कोणतेही तीन सोडवायचे. प्रश्न ३ मध्ये तीन गुणांचे चार प्रश्न, तेही कोणतेही तीन. पाच, सहा आणि नऊ मिळून वीस.

इथे थांबून एक हिशेब करायचा, तो मी कधीच चुकवत नाही. प्रश्न २ आणि ३ मध्ये दोन्ही धड्यांचे दोन-दोन प्रश्न आहेत, आणि प्रश्न १ मध्ये गुरुत्वाकर्षणाचे तीन व आवर्ती वर्गीकरणाचे दोन. मग एखाद्याने फक्त गुरुत्वाकर्षण करून यायचं ठरवलं, तर त्याला फार तर तीन, चार आणि सहा, म्हणजे १३ गुण मिळतील. फक्त दुसरा धडा केला तर जास्तीत जास्त १२. वर्गात “बाई, एकच धडा केला तर चालेल का?” असं कोणी ना कोणी मनात विचारतंच. या आकड्यांनी त्याला उत्तर मिळतं. मी हे दोन आकडे सूचनेत सरळ लिहिते.

धड्याचं नाव नको, काय करता यायला हवं ते सांगा

सूचनेचा हा गाभा आहे. “गुरुत्वाकर्षण” असं लिहिलं की मुलगा पुस्तकाचं पहिलं पान उघडतो आणि ओळीने वाचत सुटतो. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून अभ्यास झाल्यासारखा वाटतो. त्याऐवजी प्रत्येक मुद्दा क्रियापदाने संपवायचा: काढता येणे, ओळखता येणे, कारण देता येणे, फरक दाखवता येणे. मग मुलाला स्वतःला तपासता येतं. “मुक्त पतन” वाचून तो मान डोलावेल, पण “वर फेकलेल्या वस्तूचा सुरुवातीचा वेग आणि परत येण्याचा वेळ काढता येणे” असं वाचल्यावर त्याला वही घ्यावी लागेल.

गुरुत्वाकर्षणाचं सांगायचं तर माझे मुद्दे चारच असतात. केप्लरचे तिन्ही नियम स्वतःच्या शब्दांत लिहिणे आणि दुसरा नियम आकृतीवर दाखवणे. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षण सिद्धांतावरून अंतर दुप्पट झालं, एक वस्तुमान तिप्पट झालं, तर बलाचं काय होईल ते सांगणे. वस्तुमान आणि वजन यांतला फरक आकड्यांत दाखवणे. आणि मुक्त पतन व वर फेकलेली वस्तू यांवरची गणितं सोडवणे. मुक्तिवेग म्हणजे काय ते यावं, पण त्याच्या सूत्राची सिद्धता या चाचणीत नाही.

तिसऱ्या मुद्द्याबद्दल जरा सांगते, कारण दरवर्षी तिथेच गुण जातात. ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचं पृथ्वीवरचं वजन ६० गुणिले ९.८, म्हणजे ५८८ न्यूटन. चंद्रावर ते साधारण सहावा भाग, म्हणजे ९८ न्यूटन. वस्तुमान मात्र दोन्हीकडे ६० किलोग्रॅमच. मुलांना गुणाकार येतो, पण एककाशी घोटाळा होतो. घरी वाणसामान किलोत मोजलं जातं आणि त्याला आपण वजन म्हणतो, म्हणून मूल चंद्रावर वजन १० किलो लिहून मोकळं होतं. सूचनेत एक ओळ टाकली की “वजन विचारलं तर उत्तर न्यूटनमध्येच लिहायचं”, की हा गोंधळ बराच कमी होतो.

आवर्ती वर्गीकरणात डोबेरायनरची त्रिके, न्यूलँड्सचा अष्टकांचा नियम, मेंडेलीव्हची आवर्तसारणी आणि आधुनिक आवर्तसारणी अशी मोठी रांग आहे. मुलं ती इतिहासासारखी पाठ करतात. मी त्यातून तीनच गोष्टी पुढे काढते. एक, मेंडेलीव्हने रिकाम्या जागा का ठेवल्या आणि त्याच्या सारणीत काय अडलं: हायड्रोजनची जागा, समस्थानिकं, कोबाल्ट आणि निकेलचा क्रम. मोजलेने १९१३ मध्ये अणुअंक हाच खरा आधार असल्याचं दाखवल्यावर त्यातलं काय सुटलं, हेही सांगता यावं. दुसरी, इलेक्ट्रॉन संरूपणावरून गण आणि आवर्त काढणे. तिसरी, अणुत्रिज्या आणि धातु-गुणधर्म आवर्तात व गणात कसे बदलतात ते कारणासह सांगणे.

यातली दुसरी गोष्ट फळ्यावर करून दाखवल्याशिवाय मी सूचना पूर्ण झाली असं मानत नाही. क्लोरीनचं संरूपण २, ८, ७. कवचं तीन, म्हणून आवर्त तिसरं. शेवटच्या कवचात सात इलेक्ट्रॉन, म्हणून हमखास उत्तर येतं “गण ७”. आधुनिक सारणीत गण आहे १७. शेवटच्या कवचात तीन ते आठ इलेक्ट्रॉन असलेल्या मूलद्रव्यांसाठी, दहावीला आपण पाहतो त्या मूलद्रव्यांपुरतं, त्यात दहा मिळवायचे. मॅग्नेशिअम २, ८, २ तर गण २. पण ॲल्युमिनिअम २, ८, ३ तर गण १३. हेलिअम अठराव्या गणात असूनही त्याच्याकडे दोनच इलेक्ट्रॉन आहेत, हा अपवाद तोंडी सांगून टाकायचा.

सेमीच्या तुकडीत हे सगळं दोन्ही शब्दांत द्यावं लागतं. तिथली मुलं वर्गात “एस्केप व्हेलॉसिटी” शिकतात, पण घरी आई किंवा ताई अभ्यास घेते तेव्हा पुस्तक मराठी असतं. मी फळ्यावर “मुक्तिवेग म्हणजेच एस्केप व्हेलॉसिटी” अशी जोडी लिहिते, म्हणजे घरचं आणि शाळेचं जुळतं.

जे नाही, तेही लिहा

काय नाही हे सांगितलं तर मुलं अभ्यास कमी करतील, असं अनेक सहकाऱ्यांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. दोन धड्यांत साताठ गोष्टी पाठ करायच्या आहेत असं वाटलं की मूल कोणतीच गोष्ट हातून दोनदा करत नाही. मुक्तिवेगाची सिद्धता आणि केप्लरच्या तिसऱ्या नियमावरून न्यूटनने वर्ग-व्यस्त नियम कसा काढला ती मांडणी या चाचणीत नाही, एवढं लिहिलं की त्यांचा निदान एक संध्याकाळचा वेळ गणितांसाठी मोकळा होतो. हे “या चाचणीत नाही” असंच लिहायचं. “महत्त्वाचं नाही” असं लिहिलं तर सहामाहीला तुम्हालाच त्रास.

स्वरूप सांगायचं तर एक उत्तर गुणांसह सोडवून दाखवा

“तीन गुणांचे गणित येईल” एवढं सांगून मुलांना काही कळत नाही. तो प्रश्न पेपरात असणार नाही, पण त्याच जातीचा एक प्रश्न फळ्यावर घ्यायचा आणि प्रत्येक गुण कुठे पडतो ते बाजूला लिहायचं. मी घेते तो असा: एक चेंडू सरळ वर फेकला असता तो २० मीटर उंचीपर्यंत जाऊन परत खाली येतो. त्याचा सुरुवातीचा वेग आणि परत येण्यास लागलेला एकूण वेळ काढा. गुरुत्व त्वरण 10 m/s² घ्या.

```
v = 0,  s = 20 m,  g = 10 m/s²
v² = u² − 2gs
0 = u² − 2 × 10 × 20
u² = 400,  u = 20 m/s

v = u − gt
0 = 20 − 10t,  t = 2 s
एकूण वेळ = 2 + 2 = 4 s
```

पहिला गुण दिलेल्या किमती आणि सूत्रात त्या योग्य चिन्हाने भरण्याला. दुसरा वेगाच्या उत्तराला, एककासह. तिसरा एकूण वेळेला. मग मी मुद्दाम दोन चुकीची उत्तरं फळ्याच्या कडेला लिहिते आणि वर्गालाच तपासायला सांगते. एकात शेवटी “2 s” लिहिलेलं असतं: वर जायचा वेळ काढला, खाली यायचा विसरला. दुसऱ्यात वजा चिन्ह गेलेलं असतं, त्यामुळे u² च्या जागी उणे चारशे येतं, आणि मूल ते मुकाट्याने खोडून २० लिहितं. दुसऱ्या उत्तराला मी किती गुण देते हे वर्गाला कळलं पाहिजे: उत्तर बरोबर दिसत असलं तरी पहिला गुण नाही.

शास्त्रीय कारणांसाठीही हेच करावं लागतं, कारण तिथे मुलं प्रश्नच पुन्हा उत्तर म्हणून लिहितात. प्रश्न: आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना अणुत्रिज्या कमी होत जाते. वहीत उत्तर येतं: “कारण डावीकडून उजवीकडे जाताना अणू लहान होत जातात.” याला शून्य. दोन गुणांच्या कारणात दोन पायऱ्या हव्यात. एकाच आवर्तात सर्व अणूंच्या कवचांची संख्या सारखीच असते, इलेक्ट्रॉन त्याच बाहेरच्या कवचात भरत जातात, हा पहिला गुण. केंद्रकावरचा धन प्रभार मात्र एकेकाने वाढत जातो, त्यामुळे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकाकडे जास्त ओढले जातात, हा दुसरा. फळ्यावर मी दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवते. ही जोडी पाहिल्यावर वर्ग एकदम शांत होतो, कारण पहिलं उत्तर अनेकांना आपलंच वाटतं.

“कोणतेही तीन” याबद्दलही नियम आधी सांगून ठेवा. माझ्याकडे चारही सोडवले तर क्रमाने पहिले तीनच तपासले जातात. चौथं चांगलं आलं असेल तर आधीचं एक पूर्ण आडव्या रेघेने खोडायचं. हा नियम शाळाशाळांत वेगळा असू शकतो, म्हणून तो तोंडी न ठेवता लिहूनच द्यावा.

सूचनेचा मजकूर

सूचना एका पानात मावली पाहिजे, आणि मुलांनी ती स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घेतली पाहिजे. छापील चिठ्ठी दप्तराच्या तळाशी जाते. पालकांच्या गटावर फोटो टाकायचा तो वहीतलं लिहून झाल्यावर. माझी या चाचणीची सूचना अशी होती:

> इयत्ता १० वी, विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १
> पहिली घटक चाचणी: बुधवार, ३० जुलै. वेळ १ तास. गुण २०.
>
> घटक: गुरुत्वाकर्षण, मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण. फक्त पहिला धडा केल्यास जास्तीत जास्त १३ गुण, फक्त दुसरा केल्यास १२.
>
> प्र. १: एका गुणाचे ५ प्रश्न, सर्व सोडवा.
> प्र. २: दोन गुणांचे ४, कोणतेही ३. यात किमान एक शास्त्रीय कारण.
> प्र. ३: तीन गुणांचे ४, कोणतेही ३. यात एक गणित.
>
> हे करता यायला हवे: केप्लरचे नियम लिहिणे व दुसरा आकृतीने दाखवणे. अंतर किंवा वस्तुमान बदलल्यास बलात होणारा बदल सांगणे. वस्तुमान व वजन उदाहरणाने वेगळे दाखवणे. मुक्त पतन व वर फेकलेल्या वस्तूचे गणित. मुक्तिवेगाचा अर्थ. मेंडेलीव्हच्या रिकाम्या जागा व त्रुटी, आणि अणुअंकामुळे काय सुटले ते. संरूपणावरून गण व आवर्त काढणे. अणुत्रिज्या व धातु-गुणधर्म यांचा आवर्तात व गणात होणारा बदल, कारणासह.
>
> या चाचणीत नाही: मुक्तिवेगाच्या सूत्राची सिद्धता, न्यूटनच्या वर्ग-व्यस्त नियमाची मांडणी.
>
> लक्षात ठेवा: वजन न्यूटनमध्ये. गणितात दिलेल्या किमती, सूत्र, एकक. चार सोडवल्यास पहिले तीनच तपासले जातील. कंपास, पट्टी, पेन्सिल आणणे. कॅल्क्युलेटर नाही, आकडेमोड सोपी असेल.

“यात एक गणित” ही ओळ घातली म्हणजे पेपरात प्रश्न ३ मध्ये खरंच एक गणित असलं पाहिजे. आणि ते ऐच्छिक चारांपैकी एक आहे, म्हणजे सोडता येतं, हेही मुलांना तोंडी सांगावं. काही जण गणिताच्या भीतीने पूर्ण धडाच सोडून देतात.

कधी सांगायची, आणि मधले दिवस

बुधवारी चाचणी असेल तर मी आदल्या बुधवारी सूचना देते, तासाच्या सुरुवातीला, पंधरा मिनिटं राखून. आठवड्याहून आधी दिली तर मुलं विसरतात. दोन दिवस आधी दिली तर गणितं हाताखालून घालायला वेळ राहत नाही. पुढच्या दिवसांचं वेळापत्रक मी घड्याळाचं देत नाही. प्रत्येकाच्या घरचं वेगळं असतं. कोणी शेतावरून येऊन अभ्यासाला बसतं, कोणाच्या घरी एकच खोली. मी फक्त काम देते: शनिवारपर्यंत गुरुत्वाकर्षणाची पाच गणितं पुस्तक बंद ठेवून, सोमवारपर्यंत पहिल्या वीस मूलद्रव्यांची संरूपणं, गण आणि आवर्त एका पानावर. सोमवारी ते पान वर्गात शेजाऱ्याशी बदलून तपासायचं.

जुलैत पावसामुळे एक-दोन दिवस शाळा बंद राहणं नवं नाही. शिकवायचा राहिलेला भाग “तुमचं तुम्ही वाचून या” म्हणून सूचनेत ठेवू नका. तो वगळा, सूचना फळ्यावर नव्याने लिहा, वर “सुधारित” आणि तारीख घाला, आणि जुन्या ओळीवर मुलांकडून रेघ मारून घ्या. गटावर गेलेला जुना फोटोही काढून नवा टाका. दोन सूचना फिरत राहिल्या तर चाचणीच्या दिवशी पहिली दहा मिनिटं वाद सोडवण्यातच जातात.

सूचना पोहोचली का, हे कसं कळेल

“समजलं का?” विचारलं की सगळे “हो बाई” म्हणतात. म्हणून दुसऱ्या दिवशी वही बंद करून मी तीन प्रश्न विचारते. दुसऱ्या धड्यावर किती गुणांपर्यंत मिळू शकतात? काय येणार नाही? चार प्रश्न सोडवले तर काय होईल? मागच्या बाकांवरची तीन-चार मुलं निवडते. एकालाही सांगता आलं नाही तर दोष माझ्या सूचनेचा, आणि ती मी पुन्हा सांगते. सोमवारी संरूपणाचं पान तपासताना क्लोरीनपुढे किती जणांनी ७ लिहिलंय ते मोजते. पाचांहून जास्त निघाले तर मंगळवारचा तास त्याच एका गोष्टीला.

चाचणी झाल्यावर पेपर तपासायला घेण्याआधी मी सूचना आणि प्रश्नपत्रिका शेजारी ठेवते आणि प्रत्येक प्रश्नासमोर सूचनेतली ओळ शोधते. एका वर्षी प्रश्न १ मधला न्यूलँड्सवरचा एक गुणाचा प्रश्न कोणत्याच ओळीत बसेना. मुलांना तो सांगितलाच नव्हता. तो गुण मी सगळ्यांना दिला आणि पेपर परत देताना का दिला तेही सांगितलं.